बर्फाचा वाटा

कॉफीचा पहिला थेंब बर्फावर पडला की टक् असा बारीक आवाज येतो. गरम थेंबाने बर्फाच्या खड्याला तडा जातो. मग थेंबांची धार होते, खडे एकमेकांवरून घसरतात, काचेच्या भांड्याला बाहेरून दव धरतं, आणि साधारण अडीच-तीन मिनिटांत गार कॉफी तयार होते. रात्रभर फ्रीजमध्ये मुरत ठेवायला नको, की मिक्सर नको. पेला खिडकीसमोर धरला तर पलीकडची बोटं दिसतात, इतकी ती नितळ असते. रंग काळा नसतो. दाट कोरा चहा उजेडात जसा लालसर तपकिरी दिसतो, तसा असतो. त्यात दूध नसतं, साखर नसते, आणि तरी पहिल्या घोटाला बहुतेक जण विचारतात, 'गोड काय घातलंय?'

आपल्याकडे 'कोल्ड कॉफी' म्हटलं की दूध, साखर, बर्फ आणि मिक्सरने आणलेला फेस डोळ्यांसमोर येतो. कॉलेजच्या दिवसांत कट्ट्यावर बसून प्यायलेली ती कॉफी मला आजही आवडते. पण ती मुळात दुधाचं पेय आहे. कॉफी तिथे रंगाला आणि वासाला असते. मी सांगतोय ती जपानी रीत. जपानमध्ये तिला वेगळं नाव नाही, तिथे ही नुसती 'आइसु कोही'. ओसाकाकडची जुनी माणसं अजून 'रेइको' म्हणतात: 'रेइ' म्हणजे गार आणि 'को' हे कोहीचं पहिलं अक्षर. गार करण्याच्या या पद्धतीला 'क्यूरेई' म्हणतात, म्हणजे झटपट थंड करणं. 'जपानी आइस्ड कॉफी' हे नाव दिलं ते बाहेरच्यांनी, मुख्यतः अमेरिकेतल्या कॉफीवाल्यांनी.

जपानमधल्या जुन्या कॉफीगृहांत, ज्यांना तिथे 'किस्सातेन' म्हणतात, गार कॉफीसाठी बिया चांगल्या काळपट भाजतात, कापडी गाळणीतून दाट कॉफी उतरवतात आणि ती बर्फावर घेऊन लगेच थंड करतात. पेल्यासोबत दोन चिमुकले चंबू येतात, एकात साखरेचा पाक आणि दुसऱ्यात साय. पाक अशासाठी, की गार कॉफीत साखर विरघळत नाही, तळाशी बसते. आता हलक्या भाजणीच्या बिया आणि कागदी गाळणी घेऊन तेच तंत्र वापरतात. नितळपणा आणि गोडवा सगळ्यांत स्पष्ट कळतो तो या नव्या रूपात, म्हणून मी त्याच्याबद्दलच सांगतो.

कागदी गाळणी मूळची जर्मनीतली. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने ती काढली आणि १९०८ मध्ये तिची नोंदणी केली. जपानने ही रीत आपलीशी केली आणि तिच्यावर बरंच बारीक काम केलं. १९२१ मध्ये टोकियोत सुरू झालेली हारिओ ही उष्णतेला टिकणारी काच बनवणारी कंपनी. 'हारिओ'चा अर्थच 'काचेचा राजा'. तिची 'व्ही ६०' नावाची गाळणी आज जगभर दिसते. नावातच तिचा आकार आहे: ६० अंशांचा शंकू, आतून वळत गेलेल्या कडा आणि तळाला एकच मोठं भोक. पाणी किती वेगाने उतरणार हे गाळणी ठरवत नाही, ते तुमच्या दळणावर आणि ओतणाऱ्या हातावर अवलंबून असतं.

माझी पहिली कॉफी पार फसली होती, आणि ती का फसली हे कळलं तेव्हाच मला ही पद्धत समजली. मी नेहमीसारखी पेलाभर गरम कॉफी केली आणि ती बर्फाने भरलेल्या ग्लासात ओतली. हाती आलं ते कोमट, पांचट पाणी. मग वाटलं कॉफी कमी पडली, म्हणून पुढच्या वेळी पूड वाढवली, तर ती कडवट झाली. माझा घोळ असा होता की बर्फ मी वरून घालायची वस्तू समजत होतो. या कॉफीत बर्फ म्हणजे पाणीच, पाण्याचा एक ठरलेला वाटा. एरवी जेवढ्या पाण्यात कॉफी केली असती तेवढंच पाणी घ्यायचं, पण त्याचे दोन वाटे करायचे. एक उकळायचा, दुसरा गोठवायचा. उकळलेला वाटा पुडीतून अर्क काढतो. गोठलेला वाटा खाली भांड्यात बसून तो अर्क गारही करतो आणि पातळही करतो. दोन्ही वाटे एकत्र आले की कॉफीचा दाटपणा बरोबर बसतो.

माझ्या घरी जे प्रमाण आहे तेच सांगतो. कॉफीची पूड २० ग्रॅम, पाणी एकूण ३०० ग्रॅम, म्हणजे कॉफीच्या पंधरा पट. त्यातला १२० ग्रॅम बर्फ आणि उरलेलं १८० ग्रॅम उकळतं पाणी. दहातले चार भाग गोठलेले, सहा भाग गरम. इथे डिजिटल वजनकाटा लागतोच. बर्फ डोळ्यांनी मोजता येत नाही, कारण खडे लहान-मोठे असतात आणि मधे पोकळी राहते.

आधी कागद गाळणीत बसवून गरम पाण्याने धुवायचा, म्हणजे त्याचा कागदी वास जातो. हे पाणी वेगळ्या भांड्यात काढायचं. घाईत ते बर्फावर पडलं तर बर्फ वितळतो आणि सगळं प्रमाण बिघडतं. माझ्या हातून हे एकदा नाही, तीनदा झालंय. मग खालच्या भांड्यात बर्फ मोजून घ्यायचा, वर गाळणी ठेवायची आणि पूड घालून ती हलवून सपाट करायची. पाणी उकळलं की आच बंद करून लगेच ४० ग्रॅम पाणी सगळी पूड भिजेल असं ओतायचं आणि पाऊण मिनिट थांबायचं. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. तो बाहेर पडताना पूड भिजल्या मातीसारखी फुगते आणि वर बुडबुडे येतात. हा वायू निघून गेला नाही तर पुढचं पाणी पुडीत नीट शिरत नाही. पाऊण मिनिटाने बारीक धारेने, मधून कडेकडे गोल फिरवत ७० ग्रॅम ओतायचं; पाणी खाली गेलं की उरलेलं ७० ग्रॅम. बारीक चोचीची किटली असेल तर उत्तम, नसेल तर पन्हाळी असलेला लहान स्टीलचा जग चालतो. पाणी ओतायला लागल्यापासून अडीच ते तीन मिनिटांत सगळं खाली उतरायला हवं. मग गाळणी काढून भांडं गोल फिरवायचं, म्हणजे तळाचा दाट अर्क आणि वरचं वितळलेलं पाणी एक होतं. एवढं फिरवायचं राहिलं तर पहिला घोट पाणचट लागतो आणि शेवटचा जहाल.

आता बर्फ १२० ग्रॅमच का, शंभर किंवा दीडशे का नाही? याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने शून्य अंशाचं एक ग्रॅम पाणी ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे ८० अंशांची एक ग्रॅम कॉफी आणि एक ग्रॅम बर्फ एकत्र आले की हिशेब जवळजवळ चुकता होतो: बर्फ वितळतो, कॉफी शून्याला येते.

आपल्या भांड्यात काय होतं ते पाहू. पाणी आपण १८० ग्रॅम ओतलं, पण पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे २० ग्रॅम पुडीत ४० ग्रॅम अडकलं. खाली उतरते १४० ग्रॅम कॉफी, आणि ती बर्फावर पडताना ८० अंशांच्या आसपास असते. तिला शून्यावर आणायला १४० ग्रॅम बर्फ लागेल. आपल्याकडे बर्फ १२० ग्रॅमच आहे, पण तो फ्रीजरमधून थेट आलेला, उणे १८ अंशांचा आहे. त्या जादा गारव्याने तो सुमारे १३ ग्रॅम जास्त बर्फाचं काम करतो. ही बेरीज १३३ ग्रॅमच्या आसपास जाते. थोडी तूट राहते, काच आणि आजूबाजूची हवा आणखी थोडी उष्णता देतात, आणि शेवटी भांड्यात साधारण २६० ग्रॅम कॉफी पाचेक अंशांची होऊन बसते. बर्फ जवळजवळ सगळा वितळलेला असतो, एखाद-दुसरी चकती तरंगत असते. म्हणजे पेल्यात ओतलेली कॉफी पुढे आणखी पातळ होणार नाही. हा हिशेब कळल्यावर घरचं प्रमाण कुणालाही ठरवता येतं. दुप्पट करायची तर सगळंच दुप्पट करा. बर्फ ओला, वितळायला लागलेला असेल तर थोडा जास्त घ्या आणि तेवढं गरम पाणी कमी करा.

पण गरम वाटा फार कमी करूनही चालत नाही. २० ग्रॅम पुडीला एरवी ३०० ग्रॅम गरम पाणी मिळालं असतं, इथे १८०च मिळतं. कमी पाणी कमी अर्क काढतं. म्हणून या कॉफीसाठी दळण नेहमीपेक्षा किंचित बारीक ठेवतात. इडली रव्याइतकं भरड नको, बारीक रव्याकडे झुकणारं हवं. गरम पाण्याचा वाटा निम्म्याच्या खाली गेला की चांगल्या बियांचाही रस पुडीतच राहतो आणि कॉफी आंबट, पोकळ लागते.

इतकी खटपट करायची, तर साधी गरम कॉफी करून फ्रीजमध्ये का ठेवू नये? किंवा थंड पाण्यातच का भिजत घालू नये? मी एका रविवारी एकाच पाकिटातल्या बियांची तिन्ही प्रकारे कॉफी करून पाहिली. आदल्या रात्री भरड पूड थंड पाण्यात घालून चौदा तास फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी एक गरम कॉफी करून ओट्यावर निवायला ठेवली आणि नंतर फ्रीजमध्ये. आणि दुपारी एक बर्फावर उतरवली. तिन्ही सारख्या पेल्यांत ओतून घरच्यांना दिल्या. रात्रभर भिजलेली गुळगुळीत होती, कोकोसारखी, पण वासाला मंद. ओट्यावर निवलेली गढूळ दिसत होती आणि जिभेच्या मागच्या बाजूला एक तुरट आंबटपणा रेंगाळत होता. बर्फावरची नाकाशी नेताच मोसंबीच्या सालीसारखा वास आला, आणि सासूबाईंनी, ज्या आयुष्यभर दुधातली कॉफी प्यायल्या, तोच पेला पुन्हा मागितला.

कारणं सरळ आहेत. फळांची, फुलांची आठवण करून देणारे कॉफीतले बरेच वास आणि आम्लं गरम पाण्यात चटकन उतरतात. थंड पाण्यात त्यांतली काही कमी उतरतात, कितीही तास ठेवली तरी. पण जी उष्णता हे वास बाहेर काढते, तीच त्यांना उडवून लावते. गरम कॉफीचा घमघमाट घरभर सुटतो तेव्हा तो पेल्यातून निघून गेलेला असतो. शिवाय कॉफी तास-दीड तास गरम-कोमट राहिली की तिच्यातले काही घटक पाण्याशी संयोग पावून पुन्हा आम्लं बनतात, आणि तो शिळा आंबटपणा चढतो. बर्फावर पडणारा थेंब क्षणात ८० अंशांवरून खाली येतो. वास उडायच्या आत गारठतो आणि ते शिळेपण येण्याची क्रियाही मंदावते.

आणि तो गोडवा? भाजलेल्या कॉफीत साखर जवळजवळ उरतच नाही. कच्च्या बीमधली साखर भाजताना जळते, रंग आणि वास बनते. उलट गार पदार्थात जिभेला गोड कमी लागतं, हे वितळलेलं आइस्क्रीम चाखलं की कळतं. मग इथे गोड कुठून आलं? ते नाकाने दिलेलं आहे. पिकल्या फळाचा, गुळाचा, मधाचा वास आपला मेंदू गोडाशी जोडून ठेवतो. कडवटपणा नसला, आंबटपणा संत्र्यासारखा सौम्य असला आणि वर तो वास आला, की जीभ त्याला गोड म्हणते. म्हणून ज्या बियांत असा वास मुळातच नाही, त्यांतून तो बर्फ आणू शकत नाही.

त्यामुळे बियांबद्दल मी हट्टी आहे. उडपी हॉटेलांतल्या फिल्टर कॉफीची पूड यासाठी घेऊ नये. ती तिच्या जागी उत्तम, पण तिच्यात चिकोरी असते. चिकोरी दुधाला दाटपणा देते, बर्फावर मात्र तिचा कडवट जळकेपणाच उरतो, आणि ती कागदात तुंबतेही. हवी ती निव्वळ अरेबिका, हलकी ते मध्यम भाजलेली, भाजल्यापासून एक ते चार आठवड्यांच्या आतली. चिकमगळूर किंवा कोडगूच्या बागांतली, धुऊन वाळवलेली अरेबिका या कामाला छान बसते. सालासकट वाळवलेल्या बियांत फळाचा वास जास्त असतो, त्यांची कॉफी आणखी गोड लागते. महाराष्ट्रातही कॉफी पिकते, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला. तिथे गेलात तर बिया जरूर आणा. मॉन्सून्ड मलबार मात्र मी या पद्धतीने करत नाही. समुद्राच्या दमट वाऱ्यात ठेवून तिची आम्लता मुद्दाम घालवलेली असते, आणि इथे तर आपल्याला तीच हवी असते.

बिघडलेली कॉफी काय बिघडलं ते स्वतः सांगते. आंबट आणि पाणचट लागली, पाणी दीड-दोन मिनिटांतच उतरलं, तर दळण भरड झालं. कडू आणि तोंड कोरडं करणारी झाली, पाणी चार मिनिटं गाळणीत साचून राहिलं, तर दळण फार बारीक. बर्फ अर्ध्याच्या वर तसाच राहिला, तर बर्फ जास्त घेतलात किंवा पाणी नीट उकळलेलं नव्हतं. अशी कॉफी आधी जहाल लागते आणि पिता पिता पांचट होत जाते. बर्फ मधेच संपला आणि कॉफी कोमट राहिली, तर नेम बहुधा बर्फाचाच चुकलेला असतो: तो तोलल्यावर पाच मिनिटं ओट्यावर पडून होता. बर्फ अगदी शेवटी, पाणी उकळल्यावर काढावा.

एक चूक मात्र प्रमाणाच्या हिशेबात कधी सापडत नाही. पेल्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त कॉफी मुळात बर्फ होती, त्यामुळे बर्फाला जो वास, तो कॉफीला. आमच्या फ्रीजरमध्ये मासळीचा डबा आणि खवलेला नारळ असतो. पहिल्या उन्हाळ्यात मला दर पेल्याला एक अनोळखी खारट वास यायचा आणि मी बियांना दोष देत होतो. झाकणाचा ट्रे आणला आणि वास गेला. पाणीही प्यायचंच भरावं; बोअरचं जड पाणी आम्लता मारून टाकतं आणि कॉफी खडूसारखी लागते.

भांडं काचेचं असेल तर उष्णता सोसणाऱ्या, बोरोसिलिकेट काचेचंच घ्या. साधा ग्लास एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला उकळता अर्क आला की तडकू शकतो. तशी काच नसेल तर स्टीलचा तांब्या निर्धास्त वापरा, नितळ रंग तेवढा दिसणार नाही.

ही कॉफी साठवायची नाही. रात्रभर भिजवलेली बाटली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चवीला टिकते, ही दुसऱ्या दिवशीच वास गमावते. दूध घातलं तरी तिचं बारीकपण हरवतं. दूधच हवं असेल तर काळपट भाजलेल्या बिया घ्या आणि जुन्या किस्सातेनसारखी दाट करा. ही केल्यापासून अर्ध्या तासात प्यायची.

पाहुणे दुपारी येणार असतील तर ट्रे आदल्या रात्रीच भरून ठेवा. सकाळी भरलेला बर्फ दुपारपर्यंत वरून कडक दिसतो, पण आतून ओला असतो, आणि १२० ग्रॅमचा हिशेब तिथेच चुकतो.